एलडी कापली, पण नुकसान किती?

फेब्रुवारी 1947 मध्ये मौला बक्ष यांनी लष्कराला बटाटे पुरवण्याचं कंत्राट घेतलं आणि 10,000 रुपये अनामत भरली. मार्चमध्ये कोंबड्या, अंडी आणि मासळीचं दुसरं कंत्राट घेतलं, त्याची अनामत 8,500 रुपये. पुरवठा वेळेवर होईना, म्हणून सरकारने दोन्ही कंत्राटं मोडली आणि सगळी अनामत जप्त केली. करारात तशी अट होतीच.

सर्वोच्च न्यायालयाला ती अट पुरेशी वाटली नाही. बटाट्याला बाजारभाव असतो. सरकारने दुसरीकडून माल घेतला असेल, तर जादा मोजलेली रक्कम दाखवता आली असती. असा कोणताच पुरावा नव्हता, म्हणून 18,500 रुपये व्याजासह परत करावे लागले.

याचं मूळ करार कायद्याच्या कलम 74 मध्ये आहे. इंग्लंडमध्ये न्यायालयं आधी पाहतात की करारातली रक्कम रास्त आहे की निव्वळ दंड. दंड ठरला तर ती अट बाद. आपल्याकडे दोन्हींना एकच मोजपट्टी: वाजवी भरपाई मिळेल, पण करारातल्या रकमेहून जास्त नाही. म्हणजे तो आकडा ही कमाल मर्यादा आहे, हक्काची वसुली नव्हे.

सगळंच नुकसान मात्र पावत्यांनी सिद्ध होत नाही. ओएनजीसीने 1996 मध्ये सॉ पाइप्सकडे केसिंग पाइप मागवले. युरोपातल्या पोलाद कामगारांच्या संपामुळे कच्चा माल रखडला. ओएनजीसीने मुदतवाढ दिली, पण त्याच पत्रात भरपाई कापणार असल्याचंही लिहिलं. करारातला दर होता रखडलेल्या मालाच्या किमतीच्या आठवड्याला 1 टक्का, कमाल 10 टक्के. नुकसान सिद्ध झालं नाही म्हणून लवादाने कापलेले पैसे परत करायला सांगितलं. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. असं नुकसान मोजणं कठीण असतं, आणि दोघांनी आधीच रास्त अंदाज ठरवला असेल तर तो अवाजवी असल्याचं दाखवण्याची जबाबदारी करार मोडणाऱ्याची, असं न्यायालयाने म्हटलं.

या निकालानंतर 'पुरावा लागतच नाही' असा समज पसरला. तो चुकीचा आहे. कैलाशनाथ प्रकरणात 2015 मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं, की पुराव्याची सवलत नुकसान मोजणं कठीण किंवा अशक्य असेल तेव्हाच. दिल्ली विकास प्राधिकरणाने 78 लाखांची अनामत जप्त केली होती, पण तोच भूखंड पुढे कितीतरी जास्त किमतीला विकला गेला. नुकसान झालंच नव्हतं. पैसे परत द्यावे लागले.

बांधकामात हाच फरक कळीचा ठरतो. शाळेची इमारत रखडली आणि वर्ग भाड्याच्या जागेत भरवावे लागले, तर भाडेपावत्या दाखवता येतात. पूल रखडला तर हजारो लोकांना पडलेल्या वळशाची किंमत कोण काढणार? तिथे करारातला दर कामी येतो. समजा, 10 कोटींच्या कामाला आठवड्याला अर्धा टक्का दर आहे आणि उशीर 12 आठवड्यांचा. हिशेब 60 लाखांचा होतो. पण त्यातले 7 आठवडे मालकाने नकाशे उशिरा दिल्यामुळे गेले असतील, तर ते कंत्राटदाराच्या माथी मारता येत नाहीत. दावा उरतो 25 लाखांचा. तोही टिकवायचा तर मुदतवाढ देताना भरपाईचा हक्क लेखी राखून ठेवावा लागतो. कलम 55 नुसार, उशिरा झालेलं काम मुकाट्याने स्वीकारणाऱ्याला नंतर त्या उशिराची भरपाई मागता येत नाही.