पुरानंतरचे चढते आलेख

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडींनी माणसं नेली. त्या दिवसाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत पेठेत जे घडत गेलं, त्याबद्दल मात्र फारसं कुणी लिहिलं नाही. चिखल उपसून, उधार-उसनवार करून दुकानदारांनी शटर पुन्हा वर केली आणि त्यांच्याकडे डिजिटल जाहिरात करून देणारे येऊ लागले. त्यांच्या बॅगेत एकपानी ‘केस स्टडी’ असे. तो कागद पाहून बऱ्याच जणांनी वर्षभराचे करार केले. तो कागद कसा वाचायला हवा होता, हे आज मागे वळून पाहताना स्पष्ट दिसतं.

त्यातला एक नमुना घेतो. दुकानाचं नाव नको, आणि आकडेही हिशोबाला सोपे जावेत म्हणून गोल धरतो. महाडमधलं टीव्ही-फ्रिज-वॉशिंग मशीनचं दुकान. कागदावर वर जाणारे तीन खांब : ऑगस्ट २०२१ मध्ये विक्री ४ लाख, सप्टेंबरमध्ये १२, ऑक्टोबरमध्ये २० लाख. खाली ठळक अक्षरांत दोन वाक्यं : ‘तीन महिन्यांत पाचपट विक्री’ आणि ‘जाहिरातीवरच्या प्रत्येक रुपयामागे ४० रुपयांची विक्री’. यातला एकही आकडा खोटा नव्हता. बिलं काढून पाहिली तर ते तसेच्या तसे जुळतात. गोम होती ती कागदावर जे नव्हतं त्यात.

पहिला प्रश्न असा की पाचपट म्हणजे कशाच्या पाचपट? ऑगस्ट २०२१ हा पायाच नव्हे. त्या महिन्याचे पहिले पंधरा दिवस दुकानात चिखल होता, माल भिजून गेला होता आणि कंपनीकडून नवा माल यायचा होता. इतक्या खालून मोजायला सुरुवात केली की जाहिरात न करताही आलेख वरच चढतो. एजन्सीला फोन जातो तोही बहुधा धंदा तळाला गेलेला असतानाच. म्हणजे तिचं काम सुरू होतं तेव्हा सुधारणा तशीही यायचीच असते.

मग खरा पाया कुठला? २०२० चालत नाही, कारण ते कोरोनाचं वर्ष; शिवाय ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेलेलं. म्हणून २०१९ पर्यंत मागे जावं लागतं. तेही महिन्यासमोर महिना ठेवून नव्हे, सणासमोर सण ठेवून. २०१९ मध्ये दसरा ८ ऑक्टोबरला आणि भाऊबीज २९ ऑक्टोबरला, म्हणजे अख्खा हंगाम ऑक्टोबरात. २०२१ मध्ये दसरा १५ ऑक्टोबरला आणि भाऊबीज ६ नोव्हेंबरला. दसरा ते भाऊबीज मोजलं तर एका वर्षी बावीस दिवस, दुसऱ्या वर्षी तेवीस. तुलना जवळपास बरोबरीची. या दिवसांत दुकानाची विक्री २०१९ मध्ये १४ लाख होती, २०२१ मध्ये १८ लाख. पाचपटीचं रूपांतर झालं चार लाखांच्या वाढीत. दोन वर्षांत वस्तूंच्या किमती वाढल्या, तो भागही या चार लाखांत आहेच.

आता हे चार लाख जाहिरातीने आणले का? याचं उत्तर बिलांवरच्या पत्त्यांत सापडतं. फेसबुकवरची जाहिरात महाड आणि पोलादपूर दोन्हीकडे सारखीच दाखवली गेली होती. बिलं पिनकोडप्रमाणे वेगळी केली, ४०२३०१ची महाडकडची आणि ४०२३०३ची पोलादपूरकडची, तेव्हा असं दिसलं : महाडची विक्री १० लाखांवरून १४ वर गेली, पोलादपूरची ४ लाखांची ४ लाखच राहिली. पोलादपूर तालुक्याला त्या जुलैत मुख्य घाव बसला तो दरडींचा. महाडच्या पेठेत आणि आसपासच्या गल्ल्यांत मात्र घरोघर पाणी चढून फ्रिज, मिक्सर, टीव्ही निकामी झाले होते. जाहिरात दोन्हीकडे होती आणि वाढ फक्त जिथे पूर आला तिथे. तेव्हा ही मागणी मुख्यतः पुराने निर्माण केलेली, असं म्हणायला आधार आहे. लोकांना फ्रिज घ्यायचाच होता.

यावरून जाहिरात शून्य ठरली असं मात्र म्हणता येत नाही. तिच्यामुळे महाडचं गिऱ्हाईक माणगावला किंवा ऑनलाइन न जाता याच दुकानात आलं असेल. पोलादपुरात दरडींनंतर लोकांनी खर्च आवरला असेल आणि जाहिरातीने तिथली घट रोखली असेल. या कागदावरून दोन्ही बाजूंनी काहीच सिद्ध होत नाही. ‘पाचपट’ म्हणणाऱ्याने हे सांगायला हवं होतं.

दुसरी गोष्ट मुदतीची. आलेख ३१ ऑक्टोबरला का थांबला? नोव्हेंबरचे खांब काढले असते तर पहिल्या आठवड्यात दिवाळी दिसली असती आणि नंतर उतार. डिसेंबर २०२१ ची विक्री ६ लाख होती, डिसेंबर २०१९ ची ७ लाख. ज्यांना लग्नसराईसाठी किंवा पुढच्या उन्हाळ्यात वस्तू घ्यायच्या होत्या, त्यांनी त्या पुरानंतर लगेच घेऊन टाकल्या. पुढची विक्री अलीकडे ओढली गेली. अशी विक्री मोजायची तर हंगाम उलटल्यावर निदान दोन-तीन महिने थांबावं लागतं, आणि जाहिरात सुरू होण्याआधीचं वर्षभरही त्याच आलेखावर दाखवावं लागतं. सुरुवात खड्ड्यात आणि शेवट शिखरावर असलेला आलेख दिसला, की पहिली मागणी हीच करायची : डावीकडे बारा महिने वाढवा, उजवीकडे तीन.

पुढच्या वर्षांत हीच चूक वेगळ्या वेषात आली. २०२२ मध्ये गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती, म्हणजे मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांची आणि गावच्या घरांची खरेदी जवळपास सगळी ऑगस्टात. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि चतुर्थी १९ सप्टेंबरला गेली. तीच खरेदी सप्टेंबरात सरकली. त्या वर्षी ‘सप्टेंबर ते सप्टेंबर’ अशी तुलना करणारा कोणताही कागद भरघोस वाढ दाखवणारच, आणि ऑगस्टची घट कुणी छापणार नाही. लॉज-हॉटेलांचंही तसंच. जून २०२३ मध्ये रायगडावर शिवराज्याभिषेकाच्या ३५०व्या वर्षाचा सोहळा झाला. त्या महिन्याच्या बुकिंगचं श्रेय जाहिरातीला द्यायचं, तर पाचाड-महाडमध्ये जाहिरात न करणाऱ्या लॉजच्या खोल्या त्या आठवड्यात रिकाम्या होत्या का, हे आधी विचारायला हवं.

तिसरी गोष्ट खर्चाची. ‘एका रुपयामागे ४०’ या वाक्यात खर्च लिहिलेला नसतो, पण तो काढता येतो : २० लाखांना ४० ने भागलं की ५० हजार. म्हणजे भाजक फक्त फेसबुकला भरलेली रक्कम, आणि भाज्य दुकानाची सगळी विक्री. नेहमीचं गिऱ्हाईकही त्यातच आलं. अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये दुकानातली रोख विक्री आपोआप दिसत नाही. ती कुणीतरी बाहेरून आणून बसवलेली असते, म्हणून ‘हा विक्रीचा आकडा कुठून घेतला?’ हे विचारायलाच हवं. खर्चाच्या बाजूला आणखी काय होतं? एजन्सीची फी ३० हजार, व्हिडिओ १५ हजार, रिक्षावरची पुकारणी आणि फ्लेक्स १० हजार, दसऱ्याच्या फुकट कुकरची योजना ६० हजार. एकूण झाले १ लाख ६५ हजार. जाहिरातीच्या आणि फीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. नेहमीच्या नोंदणीतल्या व्यापाऱ्याला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो इथे धरलेला नाही. कंपोझिशनमधल्या दुकानदाराला मात्र तोही खिशातून जातो.

आता शेवटचा हिशोब. समजा, वाढलेले चारही लाख जाहिरातीनेच आणले. या मालावर दहा टक्के सुटले, तर हाती आले ४० हजार, आणि खर्च १ लाख ६५ हजार. फक्त एजन्सीकडून झालेला खर्च धरला, म्हणजे ५०, ३० आणि १५, तरी ९५ हजार. जो कागद चाळीसपट परतावा सांगत होता, त्याच्या पोटात तोटा होता. पुरानंतर कर्ज काढून उभ्या राहिलेल्या माणसाला अशा कागदावर वर्षाचा करार करायला लावणं हे मला गैर वाटतं, कागदावरचा प्रत्येक आकडा खरा असला तरीही.

जाहिरातीचा परिणाम मोजायचा खरा मार्ग म्हणजे ती काही ठिकाणी बंद करून पाहणं. ई-बे या कंपनीने २०१२ मध्ये तेच केलं. स्वतःच्या नावाच्या शोधावर येणाऱ्या जाहिराती तिने काही सर्च इंजिनांवर थांबवल्या, तेव्हा जाहिरातीतून येणाऱ्या क्लिकपैकी ९९.५ टक्के लोक फुकटच्या दुव्यावरून तिथेच पोचले. पुढे अमेरिकेच्या काही भागांत इतर शब्दांवरच्या जाहिरातीही बंद ठेवून इतर भागांशी तुलना झाली. ब्लेक, नॉस्को आणि तडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त छापून आला. नेहमीचं गिऱ्हाईक जाहिरात नसली तरी येतं, नवं किंवा क्वचित येणारं तेवढं जाहिरातीने हलतं, असा त्याचा निष्कर्ष.

आपल्याकडे याची सोय भूगोलानेच करून ठेवली आहे. एका हंगामात चार आठवडे जाहिरात फक्त महाडला दाखवायची, पुढचे चार फक्त पोलादपूरला, आणि प्रत्येक बिलावर गावाचं नाव व पिनकोड लिहायचा. यालाही मर्यादा आहे. पोलादपूरकडची आठवड्याला चाळीस बिलं होत असतील, तर काहीही न करता ती चौतीस ते सेहेचाळीसमध्ये हलत राहतात. त्यामुळे दहा टक्क्यांचा फरक अशा चाचणीत ओळखू येणार नाही. दीडपट-दुप्पट फरक असेल तर येईल. आणि मुळात ‘पाचपट’ सांगणाऱ्याच्या दाव्याची तपासणी करायला एवढी चाचणी पुरेशी आहे.

अलीकडे पेठेतले काही जण करारावर सही करण्याआधी चार गोष्टी लेखी मागतात : आधीच्या वर्षांचे त्याच सणाचे आकडे, आलेखाच्या दोन्ही टोकांपलीकडचे महिने, फी आणि सवलतीसकट पूर्ण खर्च, आणि त्याच हंगामात त्या एजन्सीने काम केलेल्या बाकीच्या दुकानांचं काय झालं ते. चौथ्या मागणीला सर्वांत जास्त टाळाटाळ होते. ज्या एजन्सीकडे वीस दुकानं होती, तिने त्यांतलं एकच छापलं असेल, तर उरलेल्या एकोणिसांचा हिशोब मिळेपर्यंत करार महिन्या-महिन्याचाच ठेवावा.