बोअरच्या पाण्याला कोणता नळ?

नळावरचे पांढरे डाग म्हणजे पाण्यातला चुना. थेंब सुकतो, पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्या घरात नळाचा रंग निवडताना हाच विचार आधी करावा.

मॅट काळा नळ दुकानात देखणा दिसतो, पण काळ्यावर पांढरा चुना सगळ्यात जास्त उठून दिसतो. तो काढायला काथ्याने घासलं, की मॅटपणा जाऊन तिथे चकचकीत चट्टे पडतात आणि ते पुन्हा जात नाहीत. काळा थर नुसत्या रंगाचा असेल तर कडांना टवकेही उडतात. पीव्हीडी पद्धतीने चढवलेला थर बराच टणक असतो, म्हणून घेताना विचारून घ्या.

क्रोमवर थेंबांचे आणि बोटांचे ठसे लगेच दिसतात. मात्र त्याचा पृष्ठभाग कठीण आणि गुळगुळीत असल्याने ओल्या फडक्याने ते निघतात. ब्रश्ड निकेलवरच्या बारीक रेघा प्रकाश विखुरतात, त्यामुळे डाग लपतात. रोज पुसायला वेळ नसेल तर हाच बरा.

लॅकर नसलेलं पितळ देवघरातल्या समईसारखं काळवंडतं. ते आवडत असेल तरच घ्यावं.

चुना जमलाच, तर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरचं फडकं क्रोमवर पाचेक मिनिटं ठेवून धुवा. काळ्या नळाला आणि पितळेला मात्र सौम्य साबणच लावा. फरशीचं अ‍ॅसिड कोणत्याच नळाला लावू नका, त्याने क्रोमचा थरही खराब होतो.