प्रश्नावलीचे उलट भाषांतर

उलट भाषांतर (बॅक ट्रान्सलेशन) म्हणजे भाषांतरित मजकूर, मूळ मजकूर न पाहिलेल्या व्यक्तीकडून पुन्हा मूळ भाषेत आणवून घेणे आणि त्या दोन मजकुरांची तुलना करणे. इंग्रजीत तयार झालेली प्रश्नावली मराठीत आणताना अर्थ बदलला आहे का, हे पाहण्यासाठी मानसशास्त्र, वैद्यक व समाजशास्त्र या क्षेत्रांत ही पद्धत वापरली जाते. मूळ संशोधकाला मराठी येत नसले, तरी भाषांतरात काय झाले याची त्याला यातून कल्पना येते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ब्रिसलिन यांच्या १९७० मधील लेखामुळे या पद्धतीला विशेष चालना मिळाली.

== कार्यपद्धती ==

प्रथम मराठी मातृभाषा असलेले दोन भाषांतरकार एकमेकांशी चर्चा न करता स्वतंत्र मसुदे तयार करतात. त्यांतून एक मसुदा ठरवला जातो व तो उलट भाषांतरासाठी तिसऱ्या व्यक्तीकडे दिला जातो. ही व्यक्ती शक्यतो त्या विषयातील तज्ज्ञ नसावी. प्रसिद्ध प्रश्नावली तज्ज्ञाच्या परिचयाची असते आणि तो मराठी वाक्याऐवजी स्मरणातले इंग्रजी वाक्यच लिहून जाण्याचा धोका असतो. दोन इंग्रजी मजकुरांत तफावत दिसली, तर दोष मराठी मसुद्यात आहे की उलट भाषांतरात, हे तपासावे लागते. शेवटी मसुदा काही मराठी भाषकांना वाचून दाखवला जातो आणि प्रश्नातून काय समजले, हे त्यांना स्वतःच्या शब्दांत सांगायला लावले जाते.

== उदाहरण ==

नैराश्याची तीव्रता मोजणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली (२००१) नऊ प्रश्नांची आहे. गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास किती वेळा झाला, यानुसार ० ते ३ गुण मिळतात. एकूण गुण २७ असून १० किंवा अधिक गुण मिळाल्यास सामान्यतः पुढील तपासणी आवश्यक समजली जाते. खालील मराठी वाक्ये स्पष्टीकरणासाठी घेतली आहेत; ती कोणत्याही प्रचलित आवृत्तीतील नाहीत.

सहाव्या प्रश्नातील ‘फीलिंग बॅड अबाउट युवरसेल्फ’ या शब्दांचे सरळ भाषांतर ‘स्वतःबद्दल वाईट वाटणे’ असे होते. उलट भाषांतरात मूळ इंग्रजी शब्द जसेच्या तसे परत येतात आणि तुलना निर्दोष ठरते. मराठीत मात्र कुणाबद्दल वाईट वाटणे म्हणजे त्याची कीव किंवा हळहळ वाटणे. प्रश्न आत्मनिंदेचा होता, तो आत्मकरुणेचा झाला. याउलट ‘आपण काही कामाचे नाही असे वाटणे’ ही रचना उलट भाषांतरात मूळ शब्दांपासून दूर गेलेली दिसते, पण अर्थाने जवळ असते. तिच्यातही एक अडचण आहे. आरोग्यसेविका प्रश्न मोठ्याने वाचते, तेव्हा ‘आपण’ हा आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणून ऐकला जाऊ शकतो आणि ती समोरच्यालाच निरुपयोगी ठरवत आहे असे वाटते. ‘माझा काही उपयोग नाही, असे तुम्हाला वाटत होते का?’ असे विचारल्यास ही संदिग्धता राहत नाही.

उत्तरांच्या पर्यायांत चूक झाली, तर ती सर्वच प्रश्नांत शिरते. ‘सेव्हरल डेज’ या पर्यायाला १ आणि ‘मोअर दॅन हाफ द डेज’ या पर्यायाला २ गुण आहेत. पहिल्यासाठी ‘बरेच दिवस’ हे शब्द घेतले, तर उलट भाषांतरकार सहज ‘सेव्हरल डेज’ लिहील. परंतु चौदापैकी नऊ दिवस त्रास झालेल्या व्यक्तीला ‘बरेच दिवस’ हेच उत्तर योग्य वाटू शकते. पाच प्रश्नांना असे उत्तर दिल्यास, इतर प्रश्नांत शून्य गुण असताना, तिची बेरीज १० ऐवजी ५ होते आणि तिची पुढील तपासणी राहून जाते. येथे ‘काही दिवस’ हा पर्याय अधिक योग्य आहे, जरी उलट भाषांतरात तो ‘सम डेज’ असा परतला तरी.

== मर्यादा ==

अशा जुळणीने फसगत होऊ शकते, हे खुद्द ब्रिसलिन यांनीच नोंदवले होते. दोन्ही भाषा जाणणाऱ्यांच्या मनात काही शब्दांच्या जोड्या पक्क्या बसलेल्या असतात आणि त्या शब्दांचे अर्थ वेगळे असले तरी दोन्ही बाजूंनी तेच शब्द वापरले जातात. शिवाय कुशल उलट भाषांतरकार सदोष मराठी वाक्यातूनही मूळ आशय ताडतो व नीटनेटके इंग्रजी लिहितो. इंग्रजी वाक्यरचनेची छाप असलेले अवघड मराठी तर अधिकच अचूक परतते, कारण त्यात इंग्रजीचा सांगाडा शाबूत असतो.

म्हणून केवळ उलट भाषांतर झाले, एवढी नोंद भाषांतराच्या दर्जाचा पुरावा ठरत नाही. कोणते शब्द का बदलले आणि मराठी भाषकांनी प्रश्नाचा काय अर्थ सांगितला, हेही अहवालात दिले जाते. इंग्रजीतील १० गुणांची सीमा मराठी आवृत्तीला लागू पडते का, हा मात्र भाषांतराबाहेरचा प्रश्न आहे. त्यासाठी मराठी भाषक रुग्णांचे गुण व मनोविकारतज्ज्ञाने स्वतंत्र मुलाखतीतून केलेले निदान यांची तुलना करावी लागते.