पन्नासातले तीन रिजेक्ट

भोसरीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपची कल्पना करा. तिथून बुश पन्नास-पन्नासच्या पेट्यांत भरून गिऱ्हाइकाकडे जातात. बुशच्या भोकात प्लग गेजची ‘गो’ बाजू शिरली आणि ‘नो-गो’ बाजू अडली की माल पास, नाहीतर रिजेक्ट. समजा, बऱ्याच दिवसांच्या नोंदींवरून रिजेक्शन दोन टक्के ठरलंय. आज एका पेटीत तीन खराब निघाले आणि साहेब ऑपरेटरवर उखडले. त्यांचा राग रास्त आहे का?

पन्नासाचे दोन टक्के म्हणजे एक. हे झालं अपेक्षित मूल्य, म्हणजे पुष्कळ पेट्यांची सरासरी. पण प्रत्येक पेटीत नेमका एकच खराब निघेल, असं ते सांगत नाही. तो हिशेब द्विपदी वितरणाचा.

एक बुश चांगला निघण्याची शक्यता ०.९८. पन्नासच्या पन्नास चांगले हवेत तर ०.९८ला स्वतःनंच गुणत जायचं, एकूण पन्नास वेळा घेऊन. उत्तर येतं सुमारे ०.३६. नेमका एक खराब असेल, तर तो पन्नासांपैकी कुठलाही असू शकतो, म्हणून ०.०२ गुणिले ०.९८चा ४९वा घात, आणि त्याला वर ५० नं गुणायचं: ०.३७. म्हणजे ‘सरासरीइतका’ एक खराब शंभरातल्या सदतीस पेट्यांतच सापडतो! दोन खराब असतील तर जोड्या होतात १२२५, आणि शक्यता येते ०.१९च्या आसपास.

‘किमान तीन’ काढताना तीन, चार, पाच करत पन्नासापर्यंत जाण्याची गरज नाही. शून्य, एक आणि दोन यांची बेरीज ०.९२, ती एकातून वजा केली की उरतात ०.०८. मशीन रोजच्यासारखंच चालत असताना शंभरातल्या आठेक पेट्यांत तीन किंवा जास्त खराब निघणारच. साहेबांनी थोडं दमानं घ्यावं. पाच किंवा जास्त निघण्याची शक्यता मात्र हजारात तीनच, तेव्हा तिथे मशीन थांबवून बघणं योग्य.

या सगळ्या गणिताची एक अट आहे: एक बुश बिघडला म्हणून पुढचा बिघडू नये. वर्कशॉपमध्ये ती नेमकी इथेच मोडते. बोअरिंगच्या इन्सर्टची धार झिजली की भोक लहान पडू लागतं, ‘गो’ बाजू शिरत नाही आणि लागोपाठचे नग रिजेक्ट होतात. मग बऱ्याच पेट्या स्वच्छ आणि एखादीत एकदम सात-आठ, असं दिसतं; सरासरी दोन टक्केच राहिली तरी. हे पकडायचं तर बुश ज्या क्रमानं मशीनवरून उतरतात त्याच क्रमानं गेज लावायचा. क्रेटमध्ये सगळे एकत्र ओतले की खराब नग लागोपाठचे होते की विखुरलेले, हे कळायला मार्गच राहत नाही.