शेवटच्या घागरीचं मोल

पाण्यावाचून जगणं अशक्य, हिऱ्यावाचून सहज शक्य. तरी पाणी स्वस्त आणि हिरा महाग का? अ‍ॅडम स्मिथने 1776 मध्ये मांडलेल्या या कोड्याची उकल 1870 च्या दशकात जेव्हन्स, मेंगर आणि वालरा यांनी केली.

समजा, घरात रोज पाच घागरी पाणी येतं. पहिली पिण्याला, दुसरी स्वयंपाकाला, तिसरी अंघोळीला, चौथी धुण्याला, पाचवी सड्याला. यातली कोणतीही एक घागर सांडली, तरी पिणं थांबत नाही. फक्त सडा राहतो. म्हणून पाचव्या घागरीला घरचे लोक सड्याच्या मोलाइतकेच पैसे मोजतील. दर पुढच्या घागरीचा उपयोग कमी होत जातो, हीच घटती सीमांत उपयोगिता. बाजारभाव या शेवटच्या नगाच्या उपयोगाशी बांधलेला असतो, पाण्याच्या एकूण उपयोगाशी नाही.

हिरे मात्र इतके थोडे, की शेवटच्या हिऱ्यासाठीही गिऱ्हाईक मोठी रक्कम द्यायला तयार असतं.

घागरी घटल्या, की हिशेब उलटतो. एप्रिल 2016 मध्ये दुष्काळी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत सुमारे 5 लाख लिटर पाणी होतं आणि लातूरकरांची शेवटची घागर तेव्हा पिण्याचीच होती.