दोन लाखांचे सात लाख कसे वाचतात?

माळेगाव एमआयडीसीतला पगारदार असो, मुसळगावच्या वसाहतीतला छोटा कारखानदार असो, की समृद्धी महामार्गात जमीन गेलेलं सिन्नर तालुक्यातलं कुटुंब असो, हातात एकरकमी पैसे आले आणि डोक्यावर गृहकर्ज असलं की प्रश्न तोच पडतो: यातले थोडे कर्जात भरावेत का? बँकेत विचारलं तर ‘दोन लाख भरा, सात लाख वाचतील’ असं उत्तर मिळू शकतं. हे गणित खोटं नाही. पण सात लाखांचा आकडा हे फायद्याचं खरं माप नव्हे. खरं माप कर्जाचा व्याजदर आहे, आणि ते परतफेडीच्या तक्त्यातच दिसतं.

उदाहरणादाखल २० लाखांचं कर्ज, ९ टक्के दर आणि २० वर्षांची मुदत धरू. महिन्याचा हप्ता येतो १७,९९५ रुपये. पहिल्या हप्त्यातले १५,००० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम २,९९५ रुपयांनी उतरतं. वर्षभर हप्ते भरूनही १९,६२,५४० रुपये बाकी राहतात. बाराव्या हप्त्याच्याच दिवशी दोन लाख मुद्दलात भरले आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर पुढच्या दोन ओळी अशा बदलतात:

| हप्ता | व्याज | मुद्दल | उरलेली बाकी |
|---|---|---|---|
| १३वा, भरणा न करता | १४,७१९ | ३,२७६ | १९,५९,२६४ |
| १३वा, भरणा करून | १३,२१९ | ४,७७६ | १७,५७,७६४ |
| १४वा, भरणा न करता | १४,६९४ | ३,३०१ | १९,५५,९६३ |
| १४वा, भरणा करून | १३,१८३ | ४,८१२ | १७,५२,९५२ |

दोन्ही बाकींमधला फरक पाहा. सुरुवातीला तो २,००,००० होता, तेराव्या हप्त्यानंतर २,०१,५०० झाला आणि चौदाव्यानंतर २,०३,०११. व्याजातून सुटलेले १,५०० रुपये मुद्दलात गेले, म्हणून पुढच्या महिन्यात आणखी थोडं व्याज सुटलं. थोडक्यात, भरलेले दोन लाख दरमहा पाऊण टक्का चक्रवाढीने वाढू लागले. उरलेल्या २२८ हप्त्यांऐवजी १७८ हप्त्यांत कर्ज फिटतं. त्यातला शेवटचा हप्ताही अर्ध्याच्या आसपास असतो. एकूण व्याज सुमारे २३ लाख १९ हजार होणार होतं, त्यातले सुमारे ७ लाख ८ हजार वाचतात.

हेच दोन लाख दहा वर्षांनी भरले तर सुमारे २४ हप्ते कमी होतात आणि अडीच लाखांच्या आत व्याज वाचतं. म्हणून उशिरा भरणं वाया जातं, असा निष्कर्ष सहज काढला जातो, पण तो अर्धवट आहे. पैशाला दोन्ही वेळी ९ टक्केच मिळतात. फक्त वाढायला मिळालेली वर्षं कमी पडतात. शिवाय वाचलेले सात लाख आज हातात येत नाहीत. साधारण पंधरा वर्षांनी बंद होणाऱ्या पन्नास हप्त्यांतून ते मिळतात, आणि तेव्हाच्या रुपयाची किंमत आजच्याइतकी नसेल.

यावर आक्षेप येतो की तेच पैसे दुसरीकडे गुंतवले तर? तुलना रास्त आहे, पण ती दराशी दराची करावी. सात टक्क्यांच्या मुदत ठेवीवर कर कापला जातो, तर इथले ९ टक्के जोखमीविना मिळतात. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला त्यामुळे ९ टक्क्यांचं कर्ज सव्वासातच्या आत पडतं आणि भरण्याचा फायदाही तेवढाच उतरतो. नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी ही वजावट नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कर्जात भरलेला पैसा अडीअडचणीला सहसा परत काढता येत नाही. त्यामुळे काही महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच उरलेलं भरावं. सोनेतारण किंवा वैयक्तिक कर्ज जास्त दराचं असेल, तर आधी ते फेडावं.

भरताना एक निवड मात्र डोळसपणे करावी लागते. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतला तर तो सुमारे १६,१६० रुपयांवर येतो आणि वाचणारं व्याज २ लाख १८ हजारांच्या आसपास राहतं. तंगी असेल तर तेही योग्यच. पण मुदत घटवायची असेल तर अर्जात तसं लिहून द्यावं. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँकांनी मुदतपूर्व फेडीचं शुल्क घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१२ पासून आहे. स्थिर दराचं कर्ज असेल तर करारातली अट वाचावी. भरणा झाल्यावर नवा तक्ता मागून घ्या आणि पुढच्या हप्त्यातलं व्याज तपासा. दोन लाखांमागे ते १,५०० रुपयांनी उतरलेलं नसेल, तर रक्कम मुद्दलात न जाता आगाऊ हप्ते म्हणून जमा झालेली असू शकते. तसं दिसल्यास त्याच आठवड्यात बँकेला लेखी कळवा.