थ्रीडीतला मऊ उजेड

वॉक-इन वॉर्डरोबचे रेंडर, म्हणजे ग्राहकाच्या भाषेत ‘थ्रीडी’, हे संगणकाने प्रकाशाचा हिशेब मांडून काढलेले चित्र असते. खोलीत अजून प्लायची एक फळीही उभी राहिलेली नसते, पण चित्रात कप्पे, ड्रॉवर आणि उंच आरसा जागच्या जागी दिसतात आणि सगळ्यावर सारखा, मऊ उजेड पसरलेला असतो. मापे बहुतेक वेळा खरी असतात. उजेडाच्या बाबतीत मात्र अशी खात्री देता येत नाही.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बेडरूमला लागून निघणारी सात फूट रुंद आणि आठ फूट लांब खोली उदाहरणाला घेता येईल. हँगरवर टांगलेल्या शर्टाला दोन फूट खोली लागते, म्हणून दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांची कपाटे येतात आणि मधे तीन फुटांची वाट उरते. दार एका टोकाला, समोरच्या भिंतीवर आरसा. अठरा इंच बाहेर येणारा ड्रॉवर पूर्ण उघडला की उभे राहायला दीड फूटच उरतो. चित्रात ड्रॉवर बंद असतात, त्यामुळे ही अडचण तिथे दिसत नाही.

मऊ उजेड दोन गोष्टींतून येतो. पहिली म्हणजे दिव्याचा आकार. लहान दिव्याची सावली धारदार पडते; दिवा मोठा आणि जवळ असेल तर सावलीची कड विरघळत जाते. ढगाळ दिवशी सगळे आकाशच दिवा होते, म्हणून तेव्हा अंगणात सावली जवळजवळ पडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे भिंती-फळ्यांवरून उडून येणारा उजेड. पांढरा रंग पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८० टक्के परत फेकतो, म्हणजे दोन पृष्ठभागांवर आपटल्यावरही ६४ टक्के शिल्लक असतो. गडद अक्रोडी लॅमिनेट २० टक्क्यांच्या आसपास फेकते. दोन आपटण्यांत ४ टक्के उरतात. त्यामुळे पांढरे वॉर्डरोब सहज उजळते आणि गडद वॉर्डरोबच्या कोपऱ्यांत अंधार साचतो. गडद लाकडाच्या चित्रात कोपरान् कोपरा सारखा उजळलेला दिसला, तर तो उजेड कुठून आला हे विचारायलाच हवे.

या उडत्या उजेडाचा हिशेब करण्याची रीत तशी नवी नाही. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी १९८४ मध्ये भिंतींमधली उजेडाची देवाणघेवाण मोजण्याची पद्धत मांडली, तर जेम्स कजिया यांनी १९८६ मध्ये सगळ्या प्रकारच्या परावर्तनांना सामावणारे एक समीकरण दिले. आजचे अनेक रेंडर प्रोग्राम त्याच समीकरणावर चालतात. कॅमेऱ्यातून असंख्य किरण उलट दिशेने सोडायचे, ते आपटत आपटत दिव्यापर्यंत पोहोचतात का ते पाहायचे आणि सरासरी काढायची. किरण कमी पडले की चित्रावर रवाळ ठिपके उठतात. हे ठिपके निम्मे करायचे तर किरण चौपट लागतात. बंदिस्त, छोट्या खोलीत दिव्यापर्यंतची वाट किरणांना लवकर सापडत नाही, म्हणून मोकळ्या हॉलपेक्षा वॉर्डरोबचे रेंडर जास्त वेळ खाते.

इथेच पळवाट सुरू होते. आठ फुटांच्या खोलीत उभे राहून दोन्ही बाजूंची कपाटे एका नजरेत मावत नाहीत. म्हणून डिझायनर कॅमेरा दाराच्या भिंतीमागे नेतो आणि ती भिंतच मॉडेलमधून काढून टाकतो. भिंत गेली की मॉडेलभोवतीचे कृत्रिम आकाश थेट आत शिरते आणि सगळ्या फळ्यांवर सारखा उजेड पसरतो. ठिपके कमी होतात, काम लवकर संपते, चित्रही देखणे येते. फक्त तो उजेड प्रत्यक्ष खोलीत कधीच येणार नसतो, कारण तिथे भिंत असते. चांगल्या प्रोग्राममध्ये भिंत जागेवर ठेवून ती फक्त कॅमेऱ्यापुरती अदृश्य करण्याची सोय असते. मग बाहेरचा उजेड आत येत नाही. त्यासाठी थोडी जास्त मेहनत पडते, इतकेच.

ही पळवाट पकडण्याचे साधन चित्रातच टांगलेले असते. समोरच्या आरशात कॅमेऱ्यामागची बाजू दिसते. तिथे दार आणि भिंत दिसायला हवी. त्याऐवजी नुसती करडी पोकळी किंवा आभाळ दिसले, तर भिंत काढलेली आहे. आरशात दार बंद दिसत असेल, तर कॅमेरा त्या बंद दारापलीकडून पाहतो आहे. अशा चित्रातला उजेड खरा असू शकतो, पण ऐसपैसपणा नाही. कॅमेरा स्वतः आरशात दिसत नाही यात मात्र काही खोट नाही. संगणकातल्या कॅमेऱ्याला शरीरच नसते.

दुसरी खूण फळ्यांखाली सापडते. दिवे फक्त छताला असतील, तर वरची फळी खालच्या कप्प्यावर सावली टाकणारच आणि खालच्या कप्प्यातली साड्यांची चळत मागच्या बाजूला काळोखात जाणार. सगळे कप्पे सारखे उजळ असतील, तर प्रत्येक फळीला एलईडी पट्टी तरी दाखवलेली असते, नाहीतर हवेत न दिसणारा दिवा ठेवलेला असतो. असा दिवा प्रोग्राममध्ये एका खुणेने अदृश्य करता येतो, सुताराला आणि वायरमनला मात्र तो बसवता येत नाही. कपडेही पाहावेत. तयार मॉडेलच्या संग्रहातले पाच-सहा फिकट कोट विरळ टांगले की उजेड मागच्या प्लायपर्यंत पोहोचतो. खऱ्या कपाटात कपडे खेटून लागतात आणि माळ्यावर सुटकेस व रजया येतात.

तसा उजेड खरोखर हवा असेल तर तो मिळतो. त्यासाठी उभ्या पाट्यांच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूकडे तोंड करून ॲल्युमिनियम प्रोफाइलमध्ये एलईडी पट्टी बसवतात आणि वर दुधी डिफ्युझर लावतात. डिफ्युझर नसला की चकचकीत लॅमिनेटवर दिव्यांचे सुटे ठिपके उमटतात, आणि रेंडरमध्ये ते सहसा दाखवलेले नसतात. रंगतापमान ३००० ते ४००० केल्व्हिनच्या दरम्यान आणि रंगदर्शकता, म्हणजे सीआरआय, ९० किंवा अधिक असावी. नाहीतर काळा आणि गडद निळा मोजा ओळखताना घोटाळा होतो.

आरशाचा दिवा आरशावर नव्हे, समोरच्या माणसावर पडला पाहिजे. पाठीमागच्या छतावर एकच दिवा असेल तर चेहरा सावलीत जातो, म्हणून आरशाच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या चांगल्या. आरसा छतापर्यंत असण्याची गरज नसते. पूर्ण अंग दिसायला माणसाच्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो, मग तो कितीही दूर उभा राहो. साडेपाच फुटांच्या व्यक्तीला ३३ इंच पुरतात, फक्त तो योग्य उंचीवर हवा. घरात वेगवेगळ्या उंचीची माणसे असतात, म्हणून चार-साडेचार फुटांचा आरसा सोयीचा.

थ्रीडी मान्य करण्याआधी डिझायनरकडे दुसरे एक चित्र मागावे: चारही भिंती जागेवर, कॅमेरा दारात डोळ्यांच्या उंचीवर, आणि फक्त विजेच्या नकाशात असलेले दिवे चालू. हे चित्र पहिल्याइतके देखणे नसेल. पट्ट्यांच्या वायरी आणि त्यांच्या ड्रायव्हरची जागा मात्र त्यावरूनच ठरवावी, कारण कपाटाची मागची प्लाय एकदा ठोकली की वायर टाकण्यासाठी ती पुन्हा उखडावी लागते.